मामाच्या घरचं केळवण आणि बोलावण्याचे शब्द

पत्र: माझ्या मोठ्या नणंदेच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. तिचं केळवण आमच्याकडे, म्हणजे मामाकडे, करायचं ठरलंय. वीस-बावीस माणसं होतील. निमंत्रण छान पारंपरिक भाषेत असावं म्हणून मी लिहिलं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून आमच्या भाचीचे केळवण योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून आम्हांस उपकृत करावे.’ नवरा म्हणतो, ही लग्नपत्रिका झाली, सरळ ग्रुपवर ‘रविवारी जेवायला या’ टाक. सासूबाई म्हणतात, ग्रुपवर कुणी केळवणाला बोलावतं का? त्यातच यांच्या आत्या दोन वर्षांपूर्वी एकट्या झाल्या. त्यांच्या नावाआधी काय लिहायचं कळत नाही. आणि एका चुलत दिरांशी आमचं बोलणं बंद आहे. सगळ्यांना चालेल असा एक मजकूर सुचवाल का?
— एक मामी, नाशिक

उत्तर:

मामी, तुम्हाला मामीच म्हणते, कारण या केळवणापुरतं तुमचं खरं नाव तेच आहे.

तुमचा मजकूर चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्या कामाचा आहे. लग्नपत्रिका अनेकदा अशा माणसाच्या हातात पडते ज्याला घरातलं फारसं ठाऊक नसतं. म्हणून तिच्यात मुलीचं पूर्ण नाव, आईवडील, गाव, मुहूर्त सगळं लिहावं लागतं, आणि अनोळखी माणसालाही आदर पोचावा म्हणून ‘उपस्थित राहून’, ‘उपकृत करावे’ अशी भाषा येते. तुमच्या केळवणाला येणारी बावीस माणसं भाचीला लहानपणापासून ओळखतात. त्यांना ‘उपस्थित राहा’ म्हटलं की ती थोडी बुजतात. आपल्या माणसानं एकदम ‘आपण’ म्हणून हाक मारली की कसं वाटतं, तसं होतं.

इथे तुम्ही एक गोष्ट धरून चालला आहात, ती जरा तपासून बघा. पारंपरिक म्हणजे संस्कृत शब्दांची भाषा, असं आपल्याला अलीकडे वाटायला लागलंय. पण जुन्या घरांत जेवायला ‘निमंत्रण’ क्वचितच असायचं. ‘बोलावणं’ असायचं, खेड्यात ‘आवतण’ असायचं. बायकांना बोलवायला कुंकवाचा करंडा घेऊन घरातली बाई स्वतः जायची आणि उंबऱ्यातूनच म्हणायची, ‘उद्या आमच्याकडे पानावर यायचंय हं.’ तुम्हाला जो गोडवा हवा आहे तो या वाक्यात आहे. संस्कृतच धरायची तर तिथेही मजा आहे. पाणिनीच्या सूत्रावर लिहिणारे निमंत्रण आणि आमंत्रण यांत फरक करतात: निमंत्रण म्हणजे आलंच पाहिजे असं, श्राद्धाच्या जेवणासारखं, आमंत्रण म्हणजे यावं की न यावं हे येणाऱ्याच्या इच्छेवर. केळवणाचं बोलावणं या दोन्हींत बसत नाही. त्यात सक्ती नसते, पण ‘तुमच्या मर्जीवर’ असा कोरडेपणाही नसतो.

जुन्या पद्धतीतलं एक मात्र जरूर उचला. पोस्टकार्डाच्या काळात मामाला पत्र लिहिताना ‘ति. स्व. मामांस सा. न. वि. वि.’ असं लिहीत, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, आणि लहानाला ‘अनेक आशीर्वाद’. म्हणजे पहिल्याच ओळीत, मी तुझा कोण आणि तू माझा कोण, हे ठरायचं. ही परंपरा खरी जपण्यासारखी आहे, आणि नेमकी तीच ‘सगळ्यांना चालेल अशा एका मजकुरात’ मरते. म्हणून एक मजकूर मी देणार नाही.

सासूबाईंचं म्हणणं का बरोबर आहे, ते माझ्याच अनुभवातून सांगते. पुतण्याचं केळवण आमच्याकडे होतं. मी घरच्या ग्रुपवर मनापासून, चार ओळी गोड लिहून, ‘सर्वांनी नक्की यायचं’ असं टाकलं. त्याच्या आत्यानं खाली नमस्काराचे हात जोडले. मी समजले, येणार. ती आली नाही. लग्नात भेटल्यावर म्हणाली, ‘मला कुणी बोलावलंच नाही, मी वाचलं फक्त.’ त्या वेळी मला राग आला होता. आज वाटतं, तिचं बरोबर होतं. ‘सर्वांनी’ या शब्दात ती कुठेच नव्हती. दुसरी बाजू अशी की ‘सहकुटुंब सहपरिवार’ वाचून एका घरातून एक जण येतो आणि दुसऱ्या घरातून सात. वीस पानांच्या स्वयंपाकाला हा फरक झेपत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये तो खपून जातो.

आता क्रमानं जाऊ. सगळ्यात पहिलं बोलावणं नणंदेला, आणि तेही तारीख ठरवायच्या आधी. केळवण, काही घरांत ज्याला गडगनेर म्हणतात, हे मुलीचं आणि तिच्या आईवडिलांचं. बाकीचे आपण सगळे त्यांच्या पंगतीला. लग्नाआधीच्या त्या महिन्यात काका, मावशी, आत्या, आईच्या मैत्रिणी, सगळीकडून बोलावणी येत असतात, त्यात कपड्यांची खरेदी आणि पार्लरच्या वेळा. म्हणून तुम्ही रविवार ठरवून मग कळवू नका. फोन तुम्ही दोघांनी मिळून करा, पण पहिलं वाक्य भावाच्या तोंडचं असू द्या:

‘ताई, छकुलीचं केळवण आम्हाला करायचंय. तुम्हा सगळ्यांची पानं आमच्याकडे कधी मांडू ते तू सांग.’

या वाक्यात नणंदेचा मान आहे आणि तिची सोयही. मग तुम्ही फोन घ्या आणि दोन गोष्टी विचारा. आतापर्यंत कुठे कुठे जेवण झालं आणि काय काय झालं? चार ठिकाणी श्रीखंड-पुरी खाऊन कंटाळलेल्या मुलीला पाचवं श्रीखंड वाढण्यापेक्षा तिला आवडणारी साधी खीर किंवा तुमच्या हातचा एखादा पदार्थ बरा. दुसरं, होणाऱ्या जावयांना बोलवायचं का? हल्ली दोघांचं मिळून केळवण सर्रास होतं, पण मुलाला बोलवायचं तर बोलावणं नणंदेकडून त्याच्या आईवडिलांपर्यंत रीतसर जायला हवं, आणि मग मानपानही वाढतो. नणंद म्हणाली ‘नको, फक्त आपलेच राहू दे’, तर तिथेच थांबा.

ठरलेल्या दिवशी मामानं स्वतः जाऊन त्यांना घेऊन यावं. सासरच्या मुलीला माहेरी आणायला माणूस पाठवत, त्याला ‘मूळ’ म्हणत. अंतरपाटाजवळ मुलीला जो घेऊन जाणार आहे, त्यानंच तिला केळवणालाही न्यायला येणं, याहून पारंपरिक निमंत्रण मला तरी सुचत नाही.

नणंदेची तारीख मिळाली की मग बाकीच्यांकडे वळा. इथे मी एकच धोरण सांगेन: ज्याचं नातं, त्याचं बोलावणं. सासूबाईंच्या पिढीला सासूबाईंनी फोन करावा. चुलत भावांना तुमच्या यजमानांनी. भाचीच्या काकूला, म्हणजे नणंदेच्या जावेला, तुम्ही. ही काकू केळवणात बहुतेक वेळा विसरली जाते, कारण मामाचं घर म्हणजे आईकडचं माणूस, आणि ती वडिलांकडची. तिला बोलावलं की नणंदेला सासरी किती बरं वाटतं, हे मी अनेक घरांत बघितलं आहे. मात्र वडिलांकडच्या कुणाला बोलवायचं हे नणंदेला विचारूनच ठरवा. एका दिराला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, तर त्याचं ऐकून तिलाच घ्यावं लागतं.

फोनवर बोलून झाल्यावरच लेखी पाठवायचं. लेखी मजकूर हा आठवणीसाठी, आणि तो प्रत्येकाला वेगळा. काकूला मी असं लिहीन:

‘सौ. काकूंना सप्रेम नमस्कार. काल फोनवर बोललो तसं, येत्या रविवारी आपल्या छकुलीचं केळवण आमच्याकडे आहे. मामाच्या घरचं पान आहे, पण तिच्या शेजारी तिचे काका-काकू हवेतच. तुम्ही दोघं, मुलं आणि आजी अशी पाच पानं मांडते आहे. कमी-जास्त असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा. साडेबाराला पानं वाढू. बाराला आलात तर औक्षणाला तुम्ही जवळ असाल. वाट बघते. — छकुलीची मामी’

यात काय केलंय ते बघा. पत्रिकेतलं ‘चि. सौ. कां.’ आणि पूर्ण नाव नाही. घरात जे लाडाचं नाव असेल ते लिहायचं, मी इथे नुसतं छकुली धरलंय. ‘आपल्या’ हा शब्द मुद्दाम आहे, कारण मुलगी त्यांचीही आहे. ‘येणार का ते कळवा’ असं न विचारता पानं मोजून सांगितली आहेत. त्यामुळे कोण कोण अपेक्षित आहे हे न दुखवता स्पष्ट होतं, आणि नको असेल तर नाही म्हणण्याची वाटही राहते. ‘किती पानं मांडू?’ हा आपल्याकडचा जुना प्रश्न फार शहाणा आहे. तो हिशेबाचा असतो आणि ऐकणाऱ्याला मात्र प्रेमाचाच वाटतो. वेळ दोन दिल्या आहेत, एक पानं वाढण्याची आणि एक यायची. नुसतं ‘दुपारी’ लिहिलं की कुणी अकराला येतं, कुणी दीडला, आणि पाटावर बसलेली मुलगी रांगोळीकडे बघत ताटकळते. शेवटी तुमचं नाव नाही, नातं आहे.

मोठ्यांना हेच वेगळ्या सुरात. सासूबाईंच्या मोठ्या बहिणीला लिहायचं असेल तर: ‘ति. मावशींना साष्टांग नमस्कार. रविवारी छकुलीचं केळवण आहे. तुम्ही पंगतीला बसलात की तिला तुमचा आशीर्वाद पानावरच मिळेल. तुम्हाला न्यायला हे अकराला येतील.’ मोठ्या माणसाला ‘अवश्य यावे’पेक्षा ‘न्यायला येतील’ हे जास्त खरं वाटतं. मात्र गाडीची सोय नसेल तर असं लिहू नका. लहानांना, म्हणजे भाचीच्या मामेभावंडांना, एक ओळ पुरे: ‘ताईच्या केळवणाला या, वाढायला हात हवेत.’ ती मुलं वाढायला उभी राहिली की आपण पाहुणे नाही, घरचे आहोत, हे त्यांना आपोआप कळतं.

आता आत्यांबद्दल. त्यांच्या नावाआधी काय लिहायचं, याचं सरळ उत्तर: केळवणाच्या बोलावण्यात काहीच लिहायची गरज नाही. ‘ति. आत्यांना नमस्कार’ एवढं पुरतं. ‘गं. भा.’ लिहू नका. जुन्या माणसांना ते आदराचं वाटत असेल, पण ज्या बाईचा नवरा जाऊन दोनच वर्षं झाली आहेत तिला ती दोन अक्षरं प्रत्येक पत्रावर नव्यानं वाचावी लागतात. 2023 मध्ये राज्यात विधवांसाठी हाच शब्द वापरण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती, ती याच कारणानं. सगळ्यांच्या नावाआधी ‘सौ.’ लावून फक्त त्यांच्या नावाआधी ‘श्रीमती’ लावलं तरी यादीत तो फरक दिसतोच. म्हणून वरच्या काकूंच्या मजकुरातलं ‘सौ.’ही काढून टाकलं तर उत्तम. मी ते सवयीनं लिहिलं. तुम्ही नुसतं ‘काकूंना’ लिहा.

पण आत्यांचा खरा प्रश्न नावाचा नाही, असं मला तुमच्या पत्रातून वाटतं. तो त्या दिवशी त्या कुठे उभ्या राहतील याचा आहे. औक्षणाच्या वेळी अशा बायका आपणहून स्वयंपाकघरात सरकतात आणि आपण ते बघून न बघितल्यासारखं करतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवांबाबतच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनीही तसं करावं असं सांगितलं. ठराव गावाचा असतो, घरात तो आपल्यालाच करावा लागतो. तुम्हाला मनातून हवं असेल तर बोलावण्यातच ते सांगा, आणि सासूबाईंच्या तोंडून सांगा, कारण आत्या या त्यांच्या नणंद आहेत: ‘तू ये, आणि छकुलीला तूच ओवाळायचंस.’

त्याआधी दोन माणसांशी बोलायला विसरू नका. नणंदेला विचारा, कारण तिच्या सासरचे समोर असतील आणि तिला ऐनवेळी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायला लागू नये. आणि आत्यांना हे आधी, एकांतात विचारलं गेलं पाहिजे. पाहुण्यांसमोर अचानक निरांजन त्यांच्या हातात दिलं तर आपल्याला वाटतं आपण मान दिला, आणि त्यांना मात्र सगळ्यांच्या नजरा अंगावर घ्याव्या लागतात. त्या ‘नको गं’ म्हणाल्या, तर एकदाच पुन्हा विचारा आणि मग सोडा. अशा वेळी मुलीच्या पानावर पहिलं तूप त्यांनी वाढावं. तेही पंगतीच्या मधोमधच होतं, मागे नाही.

चुलत दिरांविषयी मला सावधपणे बोलू द्या, कारण भांडण कशावरून आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बोलवा असं माझं मन सांगतं. पण केळवण हे समेटाचं ठिकाण नाही. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मुलीकडे असायला हवं, ‘ते दोघं बोलले का’ याकडे नाही. म्हणून इथेही आधी नणंदेचा कौल घ्या. दोन्हीकडची ती बहीणच आहे. तिला ताण येणार असेल तर केळवणाला नको, लग्नाचं बोलावणं मात्र यजमानांनी स्वतः घरी जाऊन करावं. ती ‘बोलव’ म्हणाली, तर गोड भाषेतला मेसेज इथे अजिबात चालणार नाही. अबोल्यानंतर आलेला सुंदर मजकूर माणूस दोनदा वाचतो आणि त्यात टोमणा शोधतो. यजमानांनी जावं, आणि इतरांच्या आधी जावं. शेवटच्या दिवशीचं बोलावणं उरल्यासुरल्या पानाचं असतं, हे सगळ्यांना कळतं. वाक्य साधं: ‘दादा, छकुलीचं केळवण आहे रविवारी. तू आणि वहिनी या.’ जुन्या गोष्टीचा उल्लेख नाही, ‘झालं गेलं विसरून जा’ नाही. तसं म्हटलं की ज्याला विसरायचं नाही त्याला वाद घालायला विषय मिळतो. ते ‘बघतो’ म्हणाले तर आग्रह न करता उठा. दोन पानांचा स्वयंपाक जास्तीचा धरा.

आहेराबद्दल लिहू नका. ‘आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेवर ठीक आहे. चार घरच्या माणसांना ती लिहिली की जणू ते आणणारच होते आणि आपण अडवलं, असं होतं. केळवणाचा आहेर बोलावणाऱ्यानं करायचा असतो. पंगतीला आलेल्यांवर त्याचं ओझं नसतं. कुणी फोनवर विचारलंच, तर हसून म्हणा, ‘तुम्ही तुमच्याकडे बोलवाल तेव्हा करा, आमच्याकडे फक्त जेवायला या.’

तुमच्या यजमानांच्या ग्रुपचंही काम आहे. सगळ्यांना बोलावून झालं की शनिवारी तिथे पत्ता, गाडी लावायची जागा आणि बाराची वेळ टाका. त्या मेसेजला भाषा कशीही चालेल, कारण तोवर प्रत्येकाला आपल्या माणसाच्या तोंडून बोलावणं गेलेलं असेल.

आणि आज संध्याकाळी लिहायला बसण्याआधी सासूबाईंना एक विचारा: त्यांच्या लग्नाआधी त्यांच्या मामानं केळवणाला बोलावलं होतं तेव्हा कोण आलं होतं आणि दारात उभं राहून काय म्हणालं होतं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवून घ्या. तुमच्या घराची भाषा त्यात असेल, आणि काकूंना लिहायची पहिली ओळ तिथूनच घ्या.